फोनवर कांद्याचा भाव सांगायचा असेल, तर शब्द कसे लिहावेत

निफाडचा शेतकरी ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधी फोन लावतो. आज माल लासलगावला न्यायचा की पिंपळगाव बसवंतला, एवढंच त्याला ठरवायचं असतं. तुमच्या गटाने किंवा कंपनीने 'अमुक नंबर दाबा' असं सांगणारी भावाची लाईन सुरू केली असेल, तर त्याच्या हाती फक्त कान असतो. कागदावर नजर मागे नेता येते, इथे निसटलेला शब्द परत सापडत नाही.

सुरुवात पर्यायांपासून करा. आधी काम सांगा, नंबर शेवटी. 'लासलगावच्या भावासाठी एक दाबा' हे बरोबर. 'एक दाबा, लासलगावच्या भावासाठी' असं लिहिलं की 'लासलगाव' कानावर पडेपर्यंत 'एक' विसरलेला असतो. खरं तर मराठीत आपण आपोआपच बरोबर बोलतो, उलटी वाक्यं भाषांतरातून येतात. एका वेळी चारपेक्षा जास्त पर्याय ठेवू नका. ज्याची विचारणा सर्वात जास्त, त्याला १. पुन्हा ऐकण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एकच नंबर ठेवा, समजा ९. 'चांदणीचं बटण' किंवा 'हॅश' म्हटलं की निम्मी माणसं बटण शोधत बसतात.

सात आणि आठ टाळता आले तर टाळाच. फोनच्या लाईनवर आवाजाची वरची पट्टी कापली जाते, त्यामुळे 'स'सारखे आवाज पुसट होतात. मागे ट्रॅक्टर सुरू असेल तर 'सात', 'आठ' आणि 'साठ' यांतला फरक ऐकू येईलच असं नाही.

मग थांबण्याचा वेळ. पर्याय ऐकून माणूस फोन कानापासून काढतो, स्क्रीन उजळते, कीपॅड उघडतो, बटण दाबतो. तीन सेकंदांत हे होत नाही. मी आठ सेकंद ठेवतो. या वेळात फोन कानाला नसतो, म्हणून कीपॅड उघडतानाच तुमची रेकॉर्डिंग पुढचं काही महत्त्वाचं सांगू लागली, तर ते वाया जातं. पर्याय संपले की गप्प बसा.

आता मुख्य भाग, उत्तर. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. पहिला खर्डा बहुतेक असा निघतो: 'नमस्कार, आपले स्वागत आहे. लासलगाव बाजार समितीत आज उन्हाळ कांद्याची आवक चांगली असून किमान सातशे, कमाल एकोणीसशे एक्कावन्न व सरासरी सोळाशे पन्नास रुपये प्रतिक्विंटल दर मिळाला.' तीन आकडे एका दमात, आणि हवा तो शेवटी! ऐकणाऱ्याच्या डोक्यात बहुधा कमाल भावच राहतो, कारण तो मोठा असतो. मग तो बाजारात येऊन भांडतो.

असं लिहा:

> लासलगाव. उन्हाळ कांदा. आज सकाळचा लिलाव.
> सरासरी भाव, क्विंटलला, सोळाशे पन्नास रुपये.
> पुन्हा सांगते, सोळाशे पन्नास.
> कमीत कमी सातशे. जास्तीत जास्त एकोणीसशे एक्कावन्न.
> हेच पुन्हा ऐकायला, नऊ दाबा. मेसेजने हवं असेल तर, दोन दाबा.

सुरुवातीला बाजाराचं नाव आहे, कारण चुकीचं बटण दाबलं गेलं असेल तर ते पहिल्याच शब्दात कळतं. सकाळचा की दुपारचा लिलाव हे सांगितलं नाही, तर दुपारी चारला फोन करणारा सकाळचा भाव ताजा समजतो. 'साडेसोळाशे' आपण रोज म्हणतो, पण लाईनवर 'साडे' गिळलं गेलं की पन्नास रुपये गेले. म्हणून दोन्ही वेळा 'सोळाशे पन्नास'च. मेसेजचा पर्यायही हवाच, भाव नंतर वाचता यावा यासाठी.

रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून भाव तयार करणार असाल, तर मराठीची एक अडचण लक्षात घ्या. एकवीस, एकतीस, एकोणसाठ हे शब्द 'वीस अधिक एक' असे जोडून बनत नाहीत. एक ते नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे वेगळे रेकॉर्ड करावे लागतात. 'सोळाशे', 'एकवीसशे' हेही अख्खेच रेकॉर्ड करा, 'सोळा' आणि 'शे' चिकटवले की ऐकताना ठेच लागते. आणि दोन हजारला कुणी 'वीसशे' म्हणत नाही.

चुकीचं बटण दाबलं तर 'अवैध पर्याय' नको, कुणाला ओरडल्यासारखं वाटतं. 'तो नंबर यात नाही. परत ऐका.' एवढं म्हणून पर्याय पुन्हा सांगा. दोनदा काहीच दाबलं नाही तर ऑफिसातल्या माणसाकडे फोन जोडा. ऑफिस बंद असेल तर तसं सांगून कधी उघडतं तेही सांगा, नुसता फोन तोडू नका.

एक सूचना नेहमीच्या ग्राहकांसाठी. ते ऐकत नाहीत, आठवणीने थेट १ दाबतात. हंगाम बदलून लाल कांदा आला, तरी लासलगावचा १ तसाच ठेवा. क्रम बदलावाच लागला, तर महिनाभर पहिल्याच वाक्यात 'नंबर बदललेत, नीट ऐका' असं म्हणा.

चाचणी वाचून घेऊ नका. घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगा, टीव्ही चालू ठेवा, आणि ऐकलेला भाव कागदावर लिहायला लावा. लिहिलेला आकडा चुकला, की दोष त्यांच्या कानाचा नाही, मजकुराचा. तेच वाक्य पुन्हा लिहायला घ्या.