एमएफआय तोच, प्रेशर दुप्पट: नवा ग्रेड चढवण्याआधीची तयारी

एलडीपीई चालणाऱ्या शीट डायवर एलएलडीपीई हा पॉलिथिनचा दुसरा प्रकार चढवायचं ठरलं, की पहिला प्रश्न हमखास येतो: "एमएफआय किती?" एमएफआय म्हणजे वितळलेलं रेझिन किती सहज वाहतं त्याचा आकडा. उत्तर "आहे तेवढाच" असं आलं की सगळे निवांत होतात. मग मशीन चालू होतं, आणि प्रेशरचा आकडा नेहमीच्या जागी थांबतच नाही. तयारी करायची ती हे होण्याआधी, कागदावर. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्याला योग्य कागद हातात लागतो.

तो कागद म्हणजे एमएफआयचा आकडा नव्हे, तर स्निग्धतेचा आलेख. रेझिन पुरवणाऱ्याकडून कॅपिलरी ऱ्हिओमीटरवर काढलेला आलेख मागवा: आडव्या अक्षावर शिअर रेट, म्हणजे मेल्ट किती वेगाने कातरला जातो तो आकडा, उभ्या अक्षावर स्निग्धता, दोन्ही अक्ष लॉग. एमएफआय का पुरत नाही, ते त्या चाचणीतच दिसतं. १९० अंशांना २.१६ किलोचं वजन मेल्टला २.०९५ मिमी व्यासाच्या, ८ मिमी लांबीच्या छिद्रातून ढकलतं आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आलं ते आपण मोजतो. तिथे भिंतीवरचा शिअर स्ट्रेस, म्हणजे कातरणारा ताण, साधारण १९ किलोपास्कल असतो आणि शिअर रेट सेकंदाला पाच-सात. डायच्या लिपमधला शिअर रेट शेकड्यांत असतो. हळू चालणाऱ्या माणसाकडे पाहून त्याच्या धावण्याचा वेग सांगावा, तशातला हा प्रकार.

पॉलिमरचा मेल्ट जितक्या जोराने कातरला जातो तितका पातळ होतो. लांब साखळ्यांची गुंतागुंत प्रवाहाच्या दिशेने ओढली जाते आणि एकमेकींना अडवणं कमी होतं. याला शिअर थिनिंग म्हणतात. मात्र हे पातळ होणं सगळ्या ग्रेडमध्ये सारखं नसतं. एलडीपीईत लांब फांद्या असतात आणि साखळ्यांच्या लांबीत मोठी तफावत असते, म्हणून ते झपाट्याने पातळ होतं. एलएलडीपीईच्या फांद्या आखूड आणि साखळ्या बऱ्याच एकसारख्या, म्हणून ते आपला घट्टपणा सहज सोडत नाही. त्यामुळे एमएफआयच्या बिंदूवर एकमेकांना भेटणारे दोन आलेख डायच्या शिअर रेटला पोहोचेपर्यंत चांगलेच दूर गेलेले असतात.

आलेख हातात आला की त्यावरून दोनच आकडे काढायचे. सेकंदाला १०० ते १००० या शिअर रेटच्या पट्ट्यात तो जवळपास सरळ रेषा असतो, आणि त्या रेषेचं समीकरण पॉवर लॉ म्हणून ओळखलं जातं. त्यात eta म्हणजे स्निग्धता, gamma शिअर रेट, tau शिअर स्ट्रेस, आणि काढायचे दोन आकडे K आणि n:

```
eta = K * (gamma)^(n-1)
tau = K * (gamma)^n
```

समजा, आलेखावर एलडीपीईची स्निग्धता १०० ला ५०५ आणि १००० ला १२७ पास्कल-सेकंद आहे. एलएलडीपीईची अनुक्रमे ९०३ आणि ३६०. शिअर रेट दहापट झाल्यावर स्निग्धता किती पट उरली याचा लॉग घ्या, त्यात १ मिळवा, म्हणजे n मिळतो: एलडीपीईसाठी ०.४, एलएलडीपीईसाठी ०.६. मग K येतो ८००० आणि ५७००. आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतले आहेत, पण या दोन कुळांचा स्वभाव असाच असतो. हीच रेषा मागे एमएफआयच्या बिंदूपर्यंत नेली तर दोघांचाही एमएफआय २.७ च्या आसपास भरतो.

इथे एक सापळा आहे. एलएलडीपीईचा K कमी दिसतो, म्हणून ते पातळ आहे असं वाटतं. पण K म्हणजे शिअर रेट १ असतानाची स्निग्धता, आणि त्याचं एककही n बरोबर बदलतं. n वेगवेगळे असताना दोन K ची तुलना करण्याला काहीच अर्थ नाही.

आता डाय मोजा, ड्रॉइंगवरून नव्हे तर प्रत्यक्ष. लिपचं गॅप पितळी फीलर गेजने पूर्ण रुंदीभर पाहा. पोलादी पट्टी लिपवर ओरखडे उमटवते आणि ते पुढे प्रत्येक शीटवर रेघ बनून भेटत राहतात. आपल्या उदाहरणात रुंदी w ४०० मिमी, गॅप h १ मिमी आणि लँड L, म्हणजे लिपचा समांतर भाग, ४० मिमी. उत्पादन ताशी १०० किलो. वितळलेल्या पॉलिथिनची घनता घनमीटरला ७६० किलो धरायची, कारण गोळ्यांची घनता इथे चालत नाही. त्यावरून प्रवाह Q निघतो सेकंदाला ३६.५ घनसेंटिमीटर.

```
gamma_app  = 6*Q / (w*h^2)
gamma_wall = gamma_app * (2n+1)/(3n)
tau        = K * gamma_wall^n
dP         = 2*L*tau / h
```

पहिल्या ओळीतून शिअर रेट येतो ५४८. हा आकडा n = १ असलेल्या द्रवासाठी खरा. शिअर थिनिंगमुळे मधला मेल्ट गठ्ठ्यासारखा सरकतो आणि सगळं कातरणं भिंतीजवळ गोळा होतं, म्हणून दुसरी ओळ. एलडीपीईसाठी तो गुणक १.५, एलएलडीपीईसाठी १.२२. ऱ्हिओमीटरच्या आलेखातही अशीच दुरुस्ती करावी लागते. ती आधीच झाली आहे का, हे अहवालात शोधा. "करेक्टेड" असा उल्लेख असेल तर पुन्हा करू नका.

एलडीपीईचं गणित पूर्ण करू. भिंतीवरचा शिअर रेट ८२२, शिअर स्ट्रेस ११७ किलोपास्कल, लँडमधला दाब ९४ बार. एलएलडीपीईसाठी शिअर रेट ६७०, शिअर स्ट्रेस २८३ किलोपास्कल आणि दाब २२६ बार. एमएफआय तोच, डाय तोच, उत्पादन तेवढंच, आणि दाब जवळजवळ अडीचपट.

हा फक्त लँडचा दाब आहे. मॅनिफोल्ड, अडॅप्टर, ब्रेकर प्लेट आणि स्क्रीन पॅक यांचा दाब वेगळा, आणि स्क्रीनच्या आधी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरवर सगळ्यांची बेरीज दिसते. जुन्या ग्रेडवर तो किती दाखवत होता ते नोंदवहीत बघा. समजा १५० बार असेल, तर बाकीच्या वाटेचे ५६ बारही वाढतील असं धरा. किती वाढतील ते या सूत्रातून निघणार नाही: मॅनिफोल्डमध्ये शिअर रेट बराच कमी असतो, तिथे आलेख सपाट व्हायला लागतो आणि सरळ रेषा स्निग्धता जास्त दाखवते. मग जास्त दाबाला फुटणाऱ्या रप्चर डिस्कवर कोरलेला दाब वाचा. या आकड्याला "साधारण" चालत नाही.

दाब उतरवायला सगळ्यांच्या मनात आधी तापमान येतं. एलएलडीपीईच्या बाबतीत तो मार्ग लंगडा आहे. १९० चे २१० अंश केले तर याच उत्पादनाला दाब जेमतेम १८ टक्के उतरेल, २२६ चा १८५ च्या आसपास. त्यात २०० बारचा दाब खर्च होताना मेल्ट स्वतःच सरासरी दहा अंशांनी तापतो, आणि भिंतीजवळ त्याहून जास्त. उत्पादन कमी करण्याचाही फायदा अपुरा: ते निम्मं केलं तरी दाब निम्मा होत नाही, २ चा ०.६ घात म्हणजे १.५२ ने भागला जातो आणि १४९ बार उरतो.

खरा इलाज गॅपमध्ये आहे. दाब गॅपच्या 2n+1 घाताने उतरतो, म्हणजे इथे २.२. गॅप १.५ मिमी केलं की २२६ चे ९३ बार होतात, एलडीपीईला लागत होते तेवढेच. बहुतेक जण इथे थांबतात. मीही एकदा थांबलो होतो, आणि शीट बाहेर आली ती काचकागदासारखी खरखरीत. कारण दाब जमला तरी शिअर स्ट्रेस अजून १७४ किलोपास्कल होता. एलएलडीपीईच्या पृष्ठभागावर शार्कस्किन साधारण १०० ते १४० किलोपास्कलच्या पट्ट्यात उगवायला लागते. म्हणून यादीत दाबाशेजारी स्ट्रेसचा रकाना हवाच. २ मिमी गॅपला स्ट्रेस १२३ वर येतो आणि लँडचा दाब ४९ बारवर. तरीही हा कडेचाच आकडा आहे. तेव्हा फ्लोरोपॉलिमरचा प्रोसेसिंग एड असलेला ग्रेड मिळतो का ते आधीच विचारून ठेवा.

गॅप वाढवण्याची किंमतही मोजून घ्या. जाडी तीच हवी असेल तर शीट लिपबाहेर जास्त ताणली जाणार, म्हणजे लांबीच्या दिशेने ओरिएंटेशन वाढणार. शिवाय लँडचा दाब घटला की मॅनिफोल्डच्या दाबाचा वाटा वाढतो. मॅनिफोल्ड ०.४ च्या n साठी कोरलेला असेल, तर ०.६ चा मेल्ट त्यात तसा पसरत नाही. कडा उपाशी राहताहेत का, हे पहिल्या दहा मिनिटांतच जाडी मोजून बघा. एका बाबतीत मात्र हा ग्रेड दयाळू आहे: लिपमध्ये कुठे २ टक्के जास्त गॅप राहिलं तर एलडीपीई तिथून ९ टक्के जास्त वाहतं, एलएलडीपीई साडेसात.

चालू करताना जुना एलडीपीई पूर्ण बाहेर पडेपर्यंत प्रेशरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मिश्रणाचा n दोघांपैकी कुणाचाच नसतो. मग तीन वेगांवर, समजा ताशी ५०, ७० आणि १०० किलोवर, दाब आणि वजन करून मोजलेलं उत्पादन लिहा. आरपीएम नको, स्क्रू मागच्या दाबाप्रमाणे घसरतो. ५० वरून १०० वर जाताना दाब दीडपट झाला तर आलेख खरा ठरला. फक्त १.३ पट झाला तर मशीनवरचा n ०.४ च्या खाली दिसतो आहे: एक तर मेल्ट आत तापतो आहे, नाहीतर भिंतीवर सरकतो आहे. लिपबाहेर पडणाऱ्या मेल्टमध्ये सुई-थर्मोकपल धरून तापमान घ्या. ते सेट केलेल्याच्या जवळ असेल, तर टॉर्च तिरपा धरून शीटचा पृष्ठभाग तपासा.