फुटिंगमधील पंचिंग शिअर : कॉलमवर नेमका किती भार घेता येतो?

संरचना अभियंत्याच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांना फुटिंगचे डिझाइन येत असते, कारण ते महाविद्यालयात शिकवलेले असते. भार दिलेला असतो आणि जाडी काढायची असते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटा प्रश्न येतो : पाया भरून झाला आहे, मालकाला आणखी एक मजला चढवायचा आहे, तर हे फुटिंग किती भार पेलेल? माझ्याकडे येणाऱ्या नवोदितांना मी हेच उलटे गणित आधी करायला देतो.

उदाहरणादाखल 2.4 मीटर चौरस, सर्वत्र 500 मि.मी. जाडीचे फुटिंग घेऊ. मधोमध 400 मि.मी. चौरस कॉलम, काँक्रीट M25, खाली 50 मि.मी. कव्हर आणि दोन्ही दिशांना 16 मि.मी. व्यासाच्या पंधरा-पंधरा सळ्या आहेत. कॉलमवर फक्त उभा भार आहे, मोमेंट नाही, असे धरू. जाळीचे दोन थर जिथे एकमेकांना टेकतात तिथपर्यंतची सरासरी प्रभावी खोली d = 500 − 50 − 16 = 434 मि.मी. येते.

पंचिंगमध्ये कॉलम स्वतःखालचा काँक्रीटचा तुकडा घेऊन फुटिंगमधून खाली घुसू पाहतो आणि तिरप्या भेगांमुळे तो तुकडा तळाकडे पसरट होत जातो. IS 456:2000 मध्ये या तिरप्या पृष्ठभागाऐवजी कॉलमच्या कडेपासून d/2 अंतरावरचा उभा छेद तपासतात, आणि या छेदाची परिमिती हीच क्रिटिकल परिमिती. आपल्या फुटिंगमध्ये तिची एक बाजू 400 + 434 = 834 मि.मी. आणि एकूण लांबी 3336 मि.मी. भरते.

शिअरची सळई दिलेली नसेल तर अनुज्ञेय ताण ks × 0.25√fck असतो. चौरस कॉलमसाठी ks = 1, म्हणून M25 ला तो 1.25 N/mm² येतो.

```
V  = 1.25 × 3336 × 434 ≈ 1810 kN
Pu = 1810 / (1 − 0.834²/2.4²) ≈ 2058 kN
```

दुसऱ्या ओळीतला भागाकार बरेच जण विसरतात. परिमितीच्या आतल्या क्षेत्रावर माती जो दाब वर देते, तो कॉलमच्या भाराला थेट तिथेच तोलतो, त्यामुळे छेदावर भाराचा सुमारे 88 टक्केच भाग शिअर म्हणून येतो. हा 2058 kN गुणकासह भार आहे, 1.5 ने भागल्यावर कामकाजी भार 1372 kN मिळतो.

आता त्याच फुटिंगवर आपल्याकडच्या इमारतींत नेहमी दिसणारा 230 × 600 चा कॉलम ठेवून पाहा. परिमिती 3396 मि.मी. होते, म्हणजे थोडी वाढतेच, आणि नवोदित खूश होतो. परंतु ks म्हणजे 0.5 अधिक कॉलमच्या लहान व मोठ्या बाजूंचे गुणोत्तर, कमाल 1; इथे तो 0.5 + 230/600, म्हणजे 0.883 झाल्यामुळे अनुज्ञेय ताण 1.10 वर येतो आणि Pu सुमारे 1848 kN पर्यंत घसरतो. लांबट कॉलमच्या भोवती शिअर सारखा वाटला जात नाही, तो अरुंद बाजूंकडे आणि कोपऱ्यांकडे एकवटतो, म्हणून ही कपात.

जुन्या पायाच्या बाबतीत d चा आकडा नकाशावरून उचलू नये. पीसीसी उंचसखल असेल किंवा 50 ऐवजी 75 चे कव्हर ब्लॉक लागले असतील, तर d 409 वर येतो. खोली जेमतेम 6 टक्क्यांनी घटली, पण चौरस कॉलमची क्षमता 1866 kN, म्हणजे 9 टक्क्यांनी कमी झाली, कारण d छेदाच्या उंचीतही येतो आणि परिमितीतही. उतरत्या फुटिंगमध्ये तर कॉलमजवळची जाडी धरूच नये, परिमितीवर जी खोली उरते तीच घ्यावी. शक्य असेल तिथे कडेला खोदून जाडी मोजावी आणि कव्हर मीटरने खालच्या सळ्यांचे स्थान पाहावे, हा खर्च मालकाला पटवून देणे हेही आपलेच काम.

एवढे करून 2058 kN हा आकडा अहवालात लिहायची घाई होते, आणि इथेच मी पान परत करतो. एकदिशा शिअर अजून तपासलेला नाही. तो कॉलमच्या कडेपासून d अंतरावर, फुटिंगच्या पूर्ण रुंदीवर पाहायचा असतो. त्या छेदापलीकडे 566 मि.मी. पट्टा उरतो, म्हणजे भाराचा 23.6 टक्के भाग. पंधरा सळ्यांचे प्रमाण 0.29 टक्के भरते आणि त्या प्रमाणाला M25 साठी अनुज्ञेय ताण सुमारे 0.38 N/mm² मिळतो.

```
Pu = 0.38 × 2400 × 434 / 0.236 ≈ 1680 kN
```

म्हणजे चौरस कॉलमच्या या फुटिंगची मर्यादा पंचिंगने नव्हे, एकदिशा शिअरने ठरते, आणि मातीची धारणक्षमता व वाकण्याची तपासणी आड आली नाही, तर कॉलमवरचा कामकाजी भार सुमारे 1120 kN पर्यंतच नेता येतो.