१० टक्क्यांचं सीरम गप्प, ५ टक्क्यांचं झोंबतं: ॲसिड निवडताना या चुका टाळा

तक्रार साधारण अशी असते. १० टक्के ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम महिनोन् महिने लावलं, काही जाणवलं नाही. बाटली संपली म्हणून दुसऱ्या कंपनीचं ५ टक्क्यांचं आणलं. हे तर निम्मंच आहे, या हिशोबाने पहिल्याच दिवसापासून रोज रात्री लावलं आणि चौथ्या दिवशी गाल लालबुंद. मग नवं सीरम भेसळीचं असल्याचा संशय येतो. बहुतेक वेळा दोन्ही बाटल्या ठीक असतात, फक्त त्यांचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, वेगळा असतो. हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त.

पहिली चूक: टक्का म्हणजेच ताकद समजणं

ग्लायकोलिक ॲसिड पाण्यात दोन रूपांत असतं. एक मुक्त ॲसिड, म्हणजे ज्याचा प्रोटॉन अजून त्याच्याजवळ आहे. दुसरं प्रोटॉन गमावलेलं, विद्युतभार असलेलं रूप, म्हणजे ग्लायकोलेट. त्वचेच्या वरच्या स्निग्ध थरातून मुक्त रूप सहज आत शिरतं, भारित रूप फारसं शिरत नाही. लेबलवरचा टक्का मात्र साधारणपणे दोन्हींची बेरीज सांगतो.

कोणतं रूप किती, हे पीएच ठरवतो. प्रत्येक ॲसिडचा पीकेए नावाचा स्वतःचा ठरलेला आकडा असतो, ग्लायकोलिकचा ३.८३ आहे. फॉर्म्युल्याचा पीएच नेमका तेवढा असेल, तर निम्मं ॲसिड मुक्त असतं. पीएच वर गेला की मुक्त हिस्सा झपाट्याने घटतो. सूत्र हे:

```
मुक्त हिस्सा = 1 / (1 + 10^(pH − pKa))
```

आता वरच्या दोन बाटल्या घेऊ. समजा, १० टक्क्यांच्या सीरमचा पीएच ४.५ आहे. सूत्रात घातलं तर मुक्त हिस्सा जेमतेम १८ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे १.८ टक्के मुक्त ॲसिड. ५ टक्क्यांच्या सीरमचा पीएच ३.५ धरू. तिथे ६८ टक्के हिस्सा मुक्त, म्हणजे सुमारे ३.४ टक्के. लेबलवर निम्मं असलेलं सीरम प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट निघालं. गाल उगाच लाल झाले नव्हते.

पीएच वाढवण्यासाठी उत्पादक बहुधा सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली घालतात. त्यात फसवणूक नाही. उत्पादन सौम्य राहावं, हाच हेतू असतो. पण घटकांच्या यादीत तो दिसला म्हणून पीएच कळत नाही. तो किती घातला, हे यादी सांगत नाही.

दुसरी चूक: पीएच जितका कमी तितकं उत्तम

हे गणित कळल्यावर काही जण उलट्या टोकाला जातात. पीएच ३ ला ग्लायकोलिकचा ८७ टक्के हिस्सा आधीच मुक्त असतो. तो २.५ वर नेला तर ९६ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. कमाई थोडी, पण हायड्रोजन आयन तिपटीहून जास्त, आणि जळजळीला तेही हातभार लावतात. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक घटकांच्या तज्ज्ञ समितीने, सीआयआरने, घरी वापरायच्या ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ॲसिडसाठी १० टक्क्यांपर्यंत प्रमाण आणि ३.५ किंवा त्याहून जास्त पीएच अशी मर्यादा सुचवली, तीही उन्हाबाबतच्या काळजीच्या अटीसह. माझ्या मते घरच्या वापराला एवढं पुष्कळ आहे.

तिसरी चूक: एकच आकडा सगळ्या ॲसिडना लावणं

लॅक्टिकचा पीकेए ग्लायकोलिकच्या अगदी जवळ, ३.८६ आहे, त्यामुळे तिथे हेच हिशोब चालतात. सॅलिसिलिकचा मात्र २.९७ च्या आसपास. पीएच ४ ला त्याचा जेमतेम नऊ टक्के हिस्सा मुक्त राहतो. पण ते मुळात तेलात विरघळणारं असल्यामुळे त्याची ग्लायकोलिकशी टक्क्यांची थेट तुलना करूच नये.

चौथी चूक: पट्टी कशीही बुडवणं

कंपनीने पीएच छापला नसेल तर विचारावा. अनेक कंपन्या सांगतात. स्वतः मोजायचा असेल तर ० ते १४ वाली पट्टी उपयोगाची नाही, कारण इथे ३.५ आणि ४.५ मधला फरकच महत्त्वाचा. साधारण २.५ ते ४.५ अशा अरुंद पल्ल्याची पट्टी घ्या आणि पाण्यासारख्या पातळ टोनरवर किंवा सीरमवर ती थेट वापरा. नळाचं पाणी मिसळू नका, त्यातला क्षार आकडा वर ढकलतो. दाट क्रीममध्ये पट्टी नीट भिजत नाही आणि तेलकट किंवा रंगीत उत्पादनात रंग वाचता येत नाही, तिथे त्या आकड्यावर विसंबू नका. मीटर असेल तर आधी पीएच ४ आणि ७ च्या बफरने तो जुळवून घ्या.

एवढं करूनही मुक्त ॲसिडचा आकडा अंदाजच असतो. उत्पादन त्वचेवर किती वेळ राहतं, धुवायचं आहे की ठेवायचं, बेस जेल आहे की क्रीम, यावरही परिणाम बदलतो. म्हणून नव्या बाटलीचा टक्का जुन्यापेक्षा कमी असला तरी आधी कानामागे थोडंसं लावून बघा आणि आठवड्यातून दोनदाच सुरू करा.