शेवटची दोन घरं सोडा

ठिपके जोडून घरं करायच्या ठिपके-चौकटीच्या खेळात हावरेपणानं डाव जातो. परवा रंकाळ्यावर भाच्याबरोबर सोळा ठिपक्यांचा, म्हणजे नऊ घरांचा डाव मांडला होता. शेवटी एक चार घरांची आणि एक पाच घरांची अशा दोनच साखळ्या, म्हणजे एक घर मिळालं की पुढची ओळीनं मिळत जातात अशा रांगा, उरल्या. त्याची खेळी होती, त्यामुळे नाइलाजानं त्यानं चारची साखळी एका टोकाला उघडली. त्याला वाटलं, "मामा चारही घेणार, मग पाचची साखळी त्यालाच उघडावी लागणार." तसं केलं असतं तर मी ४–५ हरलो असतो.

मी पहिली दोनच घरं घेतली. तिसऱ्या आणि चौथ्यामधली रेघ मारली नाही, चौथ्या घराची पलीकडची बाहेरची रेघ मारली. आता दोन्ही घरांना एकच मधली रेघ हवी होती. त्यानं ती ओढून दोन्ही घरं घेतली. पण घर केल्यावर पुन्हा खेळावंच लागतं, आणि उघडायला पाचचीच साखळी उरलेली! डाव ७–२.

शेवटची साखळी मात्र सगळी घ्यायची. साखळी गोल फिरून स्वतःलाच मिळत असेल तर दोन नाही, चार सोडावी लागतात, मग हिशेब करूनच सोडा. आणि दोनच घरांची साखळी असली तर समोरचा मधली रेघ मारून ती उघडू शकतो. तेव्हा ही युक्ती चालत नाही, कारण सोडायला जागाच राहत नाही. भाचा आता तेच करायला लागलाय.