डाक गेली, आता शहर आवृत्ती

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं सुटली की डेस्कवर चहा येतो. तो येईपर्यंत एक काम उरकून घ्या. पान १ ची फाइल शहर आवृत्तीच्या नावाने वेगळी सेव्ह करा आणि पानाच्या माथ्यावरची आवृत्तीची खूण बदला. छापखान्यात जुनं पान कोणतं आणि नवं कोणतं, हे त्या खुणेवरूनच ओळखतात. मग डाकेच्या पानाची प्रिंट काढा आणि लाल पेन घेऊन बसा.

समजा, डोंगरीत रात्री नऊला जुन्या इमारतीचा भाग कोसळला. डाकेत आपण ३ ठार, ८ जखमी आणि ५ जण ढिगाऱ्याखाली असं दिलं, म्हणजे एकूण १६. बारा वाजता बातमीदाराचा फोन येतो. दोघांना बाहेर काढलं, त्यातला एक दगावला होता, शिवाय जे. जे.मध्ये दाखल असलेला एक जखमी गेला. आता ठार ५. जखमींमधून एक गेला आणि एक वाढला, म्हणून ते ८ च. ढिगाऱ्याखाली ३. बेरीज पुन्हा १६. घाईत मृतांचा आकडा वाढतो आणि जखमींतून तो माणूस वजा करायचा राहतो, तिथेच घात होतो. बेरीज १७ आली तर एकच माणूस अग्निशमन दलाच्या आणि रुग्णालयाच्या अशा दोन्ही आकड्यांत आलाय का, हे आधी विचारा. खुलासा मिळालाच नाही, तर आकडा कोणी दिला आणि तो किती वाजेपर्यंतचा आहे, हे बातमीतच लिहा.

प्रिंटवर प्रत्येक आकड्याला गोल करा: मथळा, उपमथळा, इंट्रो, चौकट, फोटोओळ, आणि आतल्या पानावरचा ‘पान १ वरून’चा मजकूर. तो शेवटचा हमखास विसरतो. नवा मजकूर आला तेवढ्या ओळी इमारतीच्या जुन्या इतिहासातून कापा. मृतांची नावं कापू नका. बारानंतर कोणी दगावला असेल तर वारही बदलतो.

पान सोडताना छापखान्याला नेमकं सांगा. फक्त काळा मजकूर बदलला असेल तर काळ्या रंगाची एकच प्लेट नवी लागते. फोटो बदलला किंवा हलला, की चारही रंगांच्या. म्हणून साडेबाराला आलेला थोडासा बरा फोटो मी सहसा नाकारतो. छायाचित्रकार रुसतात, रुसू देत. छपाई सुरू झाली की पहिल्या प्रतींतली एक मागवून ५ चा आकडा डोळ्यांनी पाहा.

जाताना उद्याच्या पाळीसाठी चिठ्ठी ठेवा: कोकणात डाकेच्या वाचकाने ३ च वाचलेत, उद्याच्या डाकेत ५ कसे झाले ते पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा.