दिवाळीनंतरचा पालक: शिसे पानावर आहे की पानात?

भातकापणी उरकत आली की ठाणे आणि नवी मुंबईत पालेभाज्यांचे वाफे पडायला लागतात. रुळांच्या कडेला, खाडीलगतच्या मोकळ्या पट्ट्यात, कारखान्यांच्या कुंपणाबाहेर, आणि आता सोसायट्यांच्या गच्चीवरही. पालक, लाल माठ, मेथी, मुळा. याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या भाजीत शिसे निघाले म्हणे, आता पीक मोडायचे का?" मोडायच्या आधी अहवाल नीट वाचा.

आधी शिशाचा स्वभाव समजून घेऊ. मातीतले शिसे चिकण आणि सेंद्रिय कणांना घट्ट चिकटून बसते. मुळाने थोडेफार उचलले तरी ते बहुतेक मुळातच अडकते, पानापर्यंत फार थोडे चढते. मग पालकात ते येते कुठून? बरेचसे पानाला चिकटलेल्या मातीतून आणि धुळीतून. पालक जमिनीलगत वाढतो. झारीचे किंवा पाइपचे पाणी वाफ्यावर आपटले की माती उडते आणि पानाच्या सुरकुत्यांत जाऊन बसते. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण जुन्या वाहत्या रस्त्यांच्या कडेला तेव्हा पडलेले शिसे वरच्या थरातून सहजासहजी हलत नाही. जुन्या भिंतींचे सोललेले रंग आणि फुटक्या बॅटऱ्या यांचीही त्यात भर पडते.

गेल्या हिवाळ्यात रस्त्यालगतच्या एका वाफ्याचा अहवाल हातात आला. समजायला सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोल करतो. पालकात शिसे किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. पालेभाजीची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे पंधरा पट! वाफा लावणारे काका हबकले. पण अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, "कोरड्या वजनावर". मर्यादा ताज्या, ओल्या भाजीसाठी असते. पालकात साधारण ९२ टक्के पाणी, म्हणून कोरड्याचा आकडा ०.०८ ने गुणायचा. उत्तर येते ०.३६. मर्यादेच्या वर आहेच, पण पंधरा पट नाही, थोडेसेच.

दुसरी गोष्ट अशी की तो नमुना न धुता दिला होता. आम्ही त्याच वाफ्यातली भाजी नळाच्या पाण्यात तीनदा खळबळून पुन्हा दिली. शिसे आले कोरड्या वजनावर २.०, म्हणजे ताज्या भाजीत ०.१६. मर्यादेच्या आत.

ही घट खरोखर मातीचीच, की प्रयोगशाळेची चूक? त्याचा साक्षीदार लोह. आपली कोकणची तांबडी माती लोहाने भरलेली. त्या वाफ्याच्या मातीत एकूण लोह ८ टक्के आणि शिसे किलोमागे १८० मिलिग्रॅम होते. न धुतलेल्या पालकात लोह कोरड्या वजनावर किलोमागे १५०० मिलिग्रॅम, धुतलेल्यात ३५०. फरक ११५०. एवढे लोह यायला कोरड्या पानावर दीड टक्क्याच्या आसपास माती हवी, आणि तेवढी माती सोबत २.६ मिलिग्रॅम शिसे आणणार. प्रत्यक्षात शिसे घटले २.५. हिशेब जुळला. पानावर जास्तीचे होते ते सगळे चिखलाचे. म्हणून भाजीच्या तपासणीत शिशाबरोबर लोहही मागा. लोह भरमसाट आले तर समजायचे, नमुना नीट धुतला गेलेला नाही.

आता धुण्याच्या पाण्याबद्दल, कारण खरी चूक इथेच होते. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेली शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ०.०१, म्हणजे पाचशे पट कडक. सिंचनाचा आकडा एवढा सैल आहे, कारण तो पिकाचे नुकसान पाहून ठरवलेला आहे, खाणाऱ्याचे नाही. तेव्हा "पाणी सिंचनाला पास आहे" म्हणून त्याच खड्ड्यातल्या किंवा नाल्याच्या पाण्यात जुड्या बुचकळल्या तर आपण धूत नाही, माखतो आहोत. शेवटचे खळबळणे पिण्याच्या पाण्यातच. टँकर महाग पडतो हे खरे, पण शेवटच्या एका पाण्यापुरते दोन बादल्यांत भागते.

या हंगामात तीन बदल करा. भाताचा पेंढा आत्ता मुबलक आहे, तो ओळींमध्ये बोटभर जाड पसरा, म्हणजे माती उडत नाही. पाणी झारीने वरून न देता सरीतून किंवा ठिबकने द्या. आणि जुडी मुळासकट उपटू नका, जमिनीपासून दोन बोटे वर विळ्याने कापा. गिऱ्हाईक मुळासकट जुडी मागते, ताजी दिसते म्हणून, पण शिशाचा साठा नेमका तिथेच असतो.

तपासणीला नमुना देताना वाफ्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वरची पंधरा सेंटिमीटर माती घ्या, प्लास्टिकच्या बादलीत कालवून अर्धा किलो वेगळी करा. भाजीही तशीच दहा ठिकाणची, एक किलो, स्वच्छ पिशवीत द्या. रंगीत छापील कागदात गुंडाळू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये येतात, शिसे येत नाही. ते वेगळे मागावे लागते, एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत. विचारायचे एवढेच: निकाल ताज्या वजनावर देणार का, आणि तुमचे यंत्र किती कमी मोजू शकते? हा मोजमापाचा तळ किलोला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत जात नसेल, तर "आढळले नाही" या शेऱ्याला अर्थ नाही. जे यंत्र १ च्या खाली पाहूच शकत नाही, त्याला ०.८ दिसणारच नाही.

आर्सेनिकचे गणित वेगळे आहे. पाणी साचलेल्या भातखाचरात प्राणवायू संपतो, आर्सेनिक मातीपासून सुटते आणि भाताची मुळे ते उचलतात. निचऱ्याच्या पालकाच्या वाफ्यात ते त्या मानाने कमी सुटते. पण अहवालात आर्सेनिक जास्त आले असेल तर शिसे बांधायला म्हणून सुपर फॉस्फेट जादा ओतू नका. स्फुरद आर्सेनिकला जागेवरून हटवते.

नीट धुतलेल्या नमुन्यातही शिसे ताज्या वजनावर ०.३ च्या वर गेले, तर मात्र तिथे पालेभाजी आणि मुळा थांबवा. भेंडी, वांगी, दुधी, वाल लावा. फळापर्यंत शिसे फार थोडे पोहोचते. तेही नको तर झेंडू.

गच्चीवाल्यांनी रंगाचे जुने डबे कुंड्या म्हणून वापरू नयेत. घरगुती रंगात शिशाची ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या डब्यांची खात्री देता येत नाही. शहरी कंपोस्ट घेताना अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात शिसे किलोला १०० आणि आर्सेनिक १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. अहवाल नसेल तर पोते परत करा.