आजोबांचे १४८: उपाशीपोटी रक्त तपासताना या चुका टाळा

आजोबांना मधुमेह आहे, पण साखर तपासायच्या सुईला ते कधीच घाबरले नाहीत. त्यांना धास्ती असते ती दुपारी हातात येणाऱ्या कागदाची. तपासणीला आठ दिवस उरले की घरात परीक्षेचं वातावरण: गोड बंद, जेवण निम्मं, फेऱ्या दुप्पट. मागच्या खेपेला या तयारीवर ९८ आले होते आणि महिनाभर ते सगळ्यांना ‘मी पास’ म्हणून सांगत होते.

या वेळी त्यांनी जास्तच जोर लावला. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता थोडं खाल्लं आणि रात्री ताटावर बसलेच नाहीत. सकाळी आठला रक्त दिलं, म्हणजे सोळा तासांचा उपास. आकडा आला १४८, पुढे ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’, मर्यादेपेक्षा जास्त.

“काही खाल्लंच नाही तर साखर आली कुठून?” असं म्हणून त्यांनी कागद उलटा करून ठेवला. प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर कळलं आणि त्यांच्या बाकीच्या चुकाही एकेक करून उघड झाल्या.

जास्त उपास केला की आकडा उतरतो, हा समज

आपण जेवत नसतो तेव्हाही मेंदूला साखर लागते. ती पुरवतं यकृत. आधी साठवणीतली काढतं, ती कमी पडायला लागली की नवी तयार करतं. निरोगी शरीरात इन्शुलिन त्याला ‘आता पुरे’ असं सांगत असतं. मधुमेहात यकृत ते नीट ऐकत नाही आणि गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहतं. त्यात पहाटे शरीराला जागं करणारी संप्रेरकं वाढतात, तीही साखर वर ढकलतात. म्हणजे उपाशीपोटीचा आकडा रात्रीच्या जेवणापेक्षा यकृताच्या रात्रपाळीबद्दल जास्त सांगतो. ताट चुकवलं म्हणून ती पाळी बंद पडत नाही.

तपासणीला किमान आठ तासांचा उपास लागतो, दहा-बारा झाला तरी चालतं. सोळा तासांनी काही साधत नाही. साधं पाणी प्यायला हरकत नाही. बिनसाखरेचा चहा मात्र उपासात धरू नका.

जेवण नाही, म्हणून गोळीही नाही

खरी गोम इथे होती. डॉक्टरांनी कागद बघून औषध वाढवायला पेन उचललं नाही, आधी विचारलं, “आजोबा, रात्रीची गोळी किती वाजता घेतली?”

“घेतली नाही. ती जेवणासोबतची आहे ना, आणि मी जेवलोच नाही.”

त्यांची गोळी मेटफॉर्मिन. तिचं मुख्य कामच यकृताला आवरण्याचं. ज्या रात्री यकृतावर लक्ष ठेवायचं होतं त्याच रात्री आजोबांनी पहारेकऱ्याला सुट्टी दिली! वर काळजीने झोप झाली जेमतेम तीन तास, आणि अपुरी झोप नि ताण या दोन्हींनी साखर चढते. १४८ मध्ये यातल्या कशाचा वाटा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवू शकणार नाही. पण त्या आकड्यावर विसंबून औषध वाढवलं असतं, तर आजोबांना एरवी गरज नसलेला डोस मिळाला असता, हे नक्की.

नियम असा की आदल्या दिवशीचं जेवण आणि औषध रोजच्यासारखंच घ्यायचं. सकाळची मधुमेहाची गोळी सहसा रक्त दिल्यावर, खाण्यासोबत. रक्तदाबाच्या आणि इतर गोळ्यांचं मात्र आधीच विचारून ठेवा.

उलट प्रकार याहून धोक्याचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने औषध घेतलं आणि जेवण चुकवलं, तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची खूण. अशा वेळी उपास मोडून लगेच साखर खायची. तपासणी दुसऱ्या दिवशीही होते.

कागदावरची मर्यादा म्हणजे आपलं लक्ष्य, हा घोळ

कागदावर ‘७० ते ९९’ छापलेलं होतं. आजोबा गेली कित्येक वर्षं त्यालाच पास होण्याचे मार्क समजत होते. ती मर्यादा मधुमेह नसलेल्यांची आहे. १२६ आणि त्यापुढचा आकडा निदानासाठी, तोही सहसा दुसऱ्यांदा खात्री करून. निदान झालेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटीचं लक्ष्य ८० ते १३० च्या आसपास धरतात, आणि वय, इतर आजार, साखर एकदम उतरण्याची भीती बघून डॉक्टर ते सैलही करतात. ‘एच’ छापणाऱ्या यंत्राला समोरच्याचं निदान ठाऊक नसतं.

घरच्या यंत्राशी भांडण

कागद आल्यावर आजोबांनी घरी तीनदा बोट टोचलं: १३१, १४४, १३७. मग यंत्राला नावं ठेवली. खरं तर यंत्राची काही चूक नव्हती. घरच्या यंत्रात साधारण १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला असतो. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर मात्र आकडा खोटाच चढतो, म्हणून हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा. हे यंत्र चढउतार कुठल्या दिशेला आहे ते दाखवतं. दोन-चार आकड्यांच्या फरकावर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एकच आकडा वाचणं

त्याच कागदावर खाली एचबीएवनसी ७.१ होतं. त्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ त्यांच्यावर साखर चिकटत राहते, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. आठ दिवसांची तयारी इथे फारशी चालत नाही. (रक्त कमी असेल किंवा नुकतंच चढवलेलं असेल तर हाही फसवतो, ते डॉक्टरांना सांगा.) ७.१ म्हणजे सरासरी साखर १५७ च्या आसपास.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त दिलं. रात्री साडेआठला नेहमीचं जेवण, सोबत गोळी, बरी झोप, सकाळी साडेसातला सुई. आले १२४. आजोबा खुलले, पण डॉक्टर कागदावर थांबलेच. सकाळी १२४ आणि सरासरी १५७, तर मधली साखर जाते कुठे? जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तास मोजून तपासलं तेव्हा ती सापडली: १८६. तिथलं लक्ष्य साधारण १८० च्या आत. म्हणजे आजोबा ज्या सकाळला इतकी वर्षं घाबरत होते ती बऱ्यापैकी ठीक होती, चढत होती ती जेवणानंतरची.

गोळी तीच राहिली. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं ठरलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी.

आता त्यांच्या वहीत आकड्याशेजारी चार रकाने आहेत: शेवटचा घास किती वाजता, गोळी, झोप किती तास, रक्त कधी दिलं. परवा मी विचारलं, “आजोबा, झोपेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह का?”

“अगं, झोपलो होतो की नुसता पडलो होतो, ते तुझ्या आजीलाच विचार.”